अमेरिकेतल्या दिवसांचा पगार किती? पाच महिन्यांच्या डेप्युटेशनची वाटणी

डेप्युटेशनवरून परतलेली मंडळी दर फेब्रुवारीत माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा त्यांच्या हातात दोन कागद असतात. एक भारतातला फॉर्म १६ आणि दुसरा अमेरिकेतला डब्ल्यू-२, दोन्ही मालकाने दिलेले पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले. दोन्हींतल्या आकड्यांची बेरीज वर्षभराच्या पगाराशी जुळत नाही, आणि ती जुळायलाच हवी असं त्यांना वाटत असतं. ती जुळत नाही, कारण तोच पगार दोन देश दोन वेगळ्या वर्षांत मोजतात. अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. मधला दुवा एकच असतो: कोणत्या दिवशी माणूस कुठे बसून काम करत होता.

हा लेख एकाच प्रकारच्या माणसासाठी आहे. पुण्यातल्या कंपनीचा नोकर, एल-१ व्हिसावर काही महिने अमेरिकेत गेला, भारतातला पगार चालू राहिला, वर अमेरिकेत डॉलरमध्ये भत्ता मिळाला, आणि काम संपवून परत आला. भारताच्या दृष्टीने तो दोन्ही वर्षांत रहिवासी, अमेरिकेच्या दृष्टीने अनिवासी. कायमचे गेलेल्यांचा हिशेब वेगळा असतो, त्याबद्दल शेवटी दोन शब्द.

उदाहरण म्हणून एक सचिन घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, पण असे सचिन कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत ढिगाने आहेत. पगार महिना १,८०,००० रुपये. रविवारी २ फेब्रुवारी २०२५ ला डॅलसला उतरला, सोमवारी ३ तारखेला कामाला लागला. शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार २७ जून, दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. अमेरिकेत महिन्याला ४,००० डॉलर भत्ता, पाच महिन्यांचे मिळून २०,०००. एप्रिलमध्ये ३,००,००० रुपये वार्षिक बोनस भारतातल्या खात्यात जमा झाला. आणि मध्येच चुलत बहिणीच्या लग्नासाठी तो आठवडाभर पुण्याला येऊन गेला. या आठवड्याकडे लक्ष ठेवा, सगळी मजा तिथे आहे.

आधी ठरवा, वाटणीची गरज आहे का

एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसू नये म्हणून झालेल्या भारत-अमेरिका करारातलं सोळावं कलम पगाराबद्दल आहे. त्यानुसार भारतीय रहिवाशाने अमेरिकेत केलेल्या कामाच्या पगारावर अमेरिकेने कर घ्यायचा नाही, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच. त्या वर्षात मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नको, पगार देणारा मालक अमेरिकेचा रहिवासी नको, आणि त्या पगाराचा बोजा मालकाच्या अमेरिकेतल्या शाखेवर किंवा कायम कार्यालयावर पडलेला नको.

पहिली अट बहुतेकांना पाठ असते आणि तेवढ्यावर ते खूश होतात. अडकतात तिसऱ्या अटीत. आपल्या मोठ्या आयटी कंपन्यांच्या अमेरिकेत शाखा असतात आणि डेप्युटेशनवरच्या माणसाचा खर्च त्या शाखेच्या नावावर टाकला जातो. सचिनच्या बाबतीत तेच झालं, म्हणून सूट गेली. एचआरला विचारताना 'मला ट्रीटीचा फायदा मिळेल का' असं विचारू नका, उत्तर गोलमोल येतं. 'माझ्या पगाराचा खर्च अमेरिकेतल्या शाखेला लावला आहे का' असं विचारा.

दुसरी तपासणी अमेरिकेतल्या निवासाची. त्या वर्षातले सगळे दिवस, अधिक आदल्या वर्षातल्या दिवसांचा तिसरा हिस्सा, अधिक त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा सहावा हिस्सा, अशी बेरीज १८३ किंवा त्याहून जास्त झाली, आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस असतील, तर तुम्ही अमेरिकेचे रहिवासी ठरता. दिवसाचा काही भाग जरी त्या भूमीवर असलात तरी तो पूर्ण दिवस धरतात. सचिन २ फेब्रुवारी ते २८ जून म्हणजे १४७ दिवस, त्यातून पुण्याच्या फेरीचे १९ ते २५ एप्रिल हे सात पूर्ण दिवस वजा, उरले १४०. त्याआधीच्या दोन वर्षांत तो तिकडे गेलाच नव्हता. म्हणून २०२५ साठी तो अनिवासी, आणि अमेरिकेचा हक्क फक्त तिथे केलेल्या कामाच्या पगारावर.

इथे घाई करणारे १४० भागिले ३६५ करतात, ३८ टक्के काढतात आणि मोकळे होतात. हे चूक आहे. १४० हा मुक्कामाचा आकडा. तो निवास ठरवायला कामाचा, पगार वाटायला नाही. पगार वाटतात कामाच्या दिवसांवर.

दिवसांची वही

एक्सेलमध्ये एक पान उघडा आणि १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्येक दिवसाला एक ओळ द्या. ३६५ ओळी म्हणजे फार नव्हे, तासाभराचं काम. तारखेच्या पुढच्या रकान्यात त्या दिवशी काय होतं ते लिहा: काम असेल तर W, सुटी H, रजा L, शनिवार-रविवार X. त्याच्या पुढच्या रकान्यात शरीर कुठे होतं ते: US किंवा IN. शेवटी एका वेगळ्या, रिकाम्या रकान्यात हे सूत्र:

```
=COUNTIFS(B:B,"W",C:C,"US")/COUNTIFS(B:B,"W")
```

शरीर म्हणतोय ते मुद्दाम. ग्राहक कुठला, लॅपटॉप कुठल्या सर्व्हरला जोडलेला, पगार कुठल्या खात्यात पडला, बॉस कुठल्या वेळेनुसार मीटिंग लावतो, यातल्या कशालाही इथे किंमत नाही. खुर्ची कुठल्या देशात होती एवढंच बघायचं.

सचिनची वही अशी भरते. २०२५ मध्ये सोमवार ते शुक्रवार असे २६१ दिवस होते. त्यातून पुण्यात असताना मिळालेल्या सात सुट्या गेल्या, डॅलसमध्ये मेमोरियल डे आणि जूनटीन्थ अशा दोन गेल्या. वर्षभरात १६ दिवस रजा. उरले २३६ कामाचे दिवस. हा झाला छेद.

अंश काढताना अमेरिकेतल्या एकवीस आठवड्यांचे १०५ दिवस घ्या. दोन सुट्या वजा. आता तो लग्नाचा आठवडा. शुक्रवारी १८ एप्रिलला काम आटोपून रात्रीचं विमान, रविवारी पुण्यात. सोमवार ते बुधवार रजा, हे तीन दिवस वजा. गुरुवार आणि शुक्रवार, २४ आणि २५ एप्रिल, सचिन घरच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून काम करत होता. हे दोन दिवस कामाचे आहेत, पण भारतातले. म्हणून अमेरिकेचे उरले ९८ आणि भारताचे १३८.

९८ भागिले २३६, म्हणजे ४१.५३ टक्के.

रजेचे दिवस अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत, हे पुन्हा पाहून घ्या. सर्रास होणारी चूक अशी की रजा अंशातून काढतात आणि छेदात ठेवतात, मग अमेरिकेचा हिस्सा उगाच कमी दिसतो. एखाद्या शनिवारी रिलीज होती म्हणून दिवसभर बसलात, तर तो दिवस W होतो आणि दोन्हीकडे वाढतो. प्रवासात विमानात काम केलं तर ते अमेरिकेतलं काम नव्हे, पण त्या एका दिवसासाठी कुणाशी भांडत बसू नये असं माझं मत.

वहीला पुरावा लागतो. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या आय-९४ संकेतस्थळावर येण्याजाण्याच्या तारखा मिळतात, त्या उतरवून ठेवा. बोर्डिंग पास जपा, कारण पासपोर्टवर शिक्का असेलच असं नाही. आणि टाइमशीट डाउनलोड करा. सचिनच्या टाइमशीटमध्ये २४ आणि २५ एप्रिललाही ठिकाण 'ऑनसाइट' असंच होतं, कारण कोड बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. असं असेल तर त्याच वेळी मॅनेजरला साधा ईमेल टाका, 'हे दोन दिवस मी पुण्यातून काम केलं'. वर्षभरानंतर लिहिलेल्या पत्रापेक्षा त्या दिवशीच्या दोन ओळींना जास्त वजन असतं.

पगाराचे तीन ढीग

आता पैसा. सगळी रक्कम एकाच टक्केवारीने गुणायची नसते. पगाराचे तीन ढीग करायचे आणि प्रत्येकाला त्याच्या कालावधीची टक्केवारी लावायची.

पहिला ढीग मूळ पगाराचा. वर्षाचे २१,६०,००० रुपये, गुणिले ९८/२३६, म्हणजे ८,९६,९४९ रुपये. डॉलरला ८७ रुपये धरले तर १०,३१० डॉलर. प्रत्यक्षात तुम्ही अमेरिकी कर खात्याचा त्या वर्षाचा सरासरी दर घ्या आणि कुठला दर घेतला ते कागदावर लिहून ठेवा.

इथे एक गोष्ट सांभाळायची. नेहमीचा कालावधी कॅलेंडर वर्षाचा असतो, पण परतल्यावर जुलैत घसघशीत वाढ झाली असेल, तर वर्षाची टक्केवारी लावल्याने पुण्यात मिळालेल्या वाढीचा तुकडाही अमेरिकेत ओढला जातो. पोस्टिंगचा काळ सलग आणि स्पष्ट वेगळा असेल तर तेवढाच काळ घेऊन वाटणी करायला नियमांत जागा आहे, मात्र तो काळ वेगळा का हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. सचिनचा पगार वर्षभर सारखा होता, म्हणून त्याने साधी वाट धरली. एकदा पद्धत निवडली की पहिल्या ढिगाला ही आणि पुढच्या वर्षी ती, असं करायचं नाही.

दुसरा ढीग भत्त्याचा. तो अमेरिकेत राहण्याबद्दलच मिळाला, म्हणून सगळा अमेरिकेचा, असं वाटणं साहजिक आहे. पण पुण्यातून काम केलेल्या त्या दोन दिवसांचा भत्ताही कंपनीने कापला नव्हता. भत्त्याच्या काळात कामाचे १०० दिवस, त्यातले ९८ अमेरिकेत. म्हणून २०,००० पैकी १९,६०० डॉलर अमेरिकेचे. ४०० डॉलरसाठी एवढा कीस का, असं विचारणारे असतात. टक्केवारीत ९८ दिवस लिहायचे आणि भत्त्यात १००, असे दोन आकडे एकाच कागदावर दिसले तर प्रश्न येतो, म्हणून.

तिसरा ढीग बोनस, आणि सर्वांत मोठी चूक इथे होते. बोनस एप्रिल २०२५ मध्ये मिळाला, सचिन तेव्हा डॅलसमध्ये होता, म्हणून कंपनीच्या अमेरिकी पेरोलने तो सगळाच्या सगळा तिथल्या उत्पन्नात टाकला. काही जण उलट ४१.५३ टक्के लावतात. दोन्ही चूक. तो बोनस एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाच्या कामाचा होता. त्या वर्षाची वेगळी वही काढायची. त्यात सचिनने २३८ दिवस काम केलं आणि त्यातले अमेरिकेतले ३ फेब्रुवारी ते ३१ मार्च असे ४१. म्हणून ३,००,००० गुणिले ४१/२३८, म्हणजे ५१,६८१ रुपये, ५९४ डॉलर. पैसा कधी आला हे न बघता तो कुठल्या दिवसांनी कमावला हे बघायचं. याच तर्काने पुढच्या वर्षी एप्रिल २०२६ चा बोनस पुण्यात बसून घेतलात, तरी त्यातला एप्रिल ते जून २०२५ चा तुकडा अमेरिकेचा असतो. तो दाखवायला लोक हमखास विसरतात.

तीन ढीग मिळून १०,३१० अधिक १९,६०० अधिक ५९४, म्हणजे ३०,५०४ डॉलर.

अमेरिकेतला कागद

डब्ल्यू-२ च्या पहिल्या बॉक्समध्ये मात्र ३३,७९३ आहे. पेरोलने फेब्रुवारी ते जूनचा भारतातला पूर्ण पगार, पूर्ण भत्ता आणि पूर्ण बोनस धरला होता. अनिवासी माणूस १०४०-एनआर हे रिटर्न भरतो आणि त्यात फक्त अमेरिकेतल्या कामाचा पगार दाखवतो. आकडा डब्ल्यू-२ पेक्षा कमी असल्यामुळे वाटणीचं एक पान जोडायचं: एकूण रक्कम, कामाचे एकूण दिवस, अमेरिकेतले दिवस, तिन्ही ढिगांचं गणित आणि येण्याजाण्याच्या तारखा. एका पानात बसतं. पान न जोडता नुसता कमी आकडा टाकला, तर खात्याच्या यंत्रणेत तो डब्ल्यू-२ शी जुळत नाही आणि पत्र येतं.

अनिवासी भारतीय नोकरदाराला तिथली स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. करारात ती सोय विद्यार्थी आणि व्यवसाय-प्रशिक्षणार्थींपुरती आहे. म्हणून २०२५ च्या दरांनी पहिल्या ११,९२५ डॉलरवर १० टक्के आणि उरलेल्यावर १२ टक्के धरून सचिनचा केंद्रीय कर ३,४२२ डॉलर. डब्ल्यू-२ चा आकडा तसाच उचलला असता तर ३,८१७ झाला असता. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून आपलं उदाहरण सोपं आहे. न्यू जर्सीत असता तर तिथल्या राज्याचा कर वेगळा, आणि तो या करारात बसत नाही.

फरक ३९५ डॉलरचा. तो सोडून दिला तर 'भारतात क्रेडिट मिळेलच की', म्हणजे अमेरिकेत भरलेला कर इथल्या करातून वजा होईलच की, असं म्हणता येत नाही. अमेरिकेला देणं लागतच नव्हतं असा कर तुम्ही भरलात, तर त्याचा भार भारताने का उचलावा, हा प्रश्न इथला अधिकारी विचारू शकतो.

भारतातला कागद

सचिन भारताचा रहिवासी, म्हणून त्याचा सगळा पगार भारतातही करपात्र. अमेरिकेतला भत्ता फॉर्म १६ मध्ये आला नसेल, तर तो स्वतःच रिटर्नमध्ये मिळवावा लागतो. रुपयांत बदलताना इथे वेगळा दर लागतो: पगार ज्या महिन्यात देय झाला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो. म्हणजे मार्चच्या भत्त्याला २८ फेब्रुवारीचा. वरचा ८७ चा दर इथे चालत नाही.

मग क्रेडिट. अमेरिकेचा ३,४२२ डॉलर कर कॅलेंडर वर्षाचा आहे, पण ते उत्पन्न भारतात दोन आर्थिक वर्षांत पडलं. आपल्या आयकर नियमांतला नियम १२८ यावर स्पष्ट आहे. उत्पन्न ज्या प्रमाणात ज्या वर्षी दाखवलं, त्या प्रमाणात कराचं क्रेडिट त्या वर्षी. पुन्हा दिवसांकडे यायचं.

मार्च अखेरपर्यंत अमेरिकेतले ४१ दिवस, एप्रिल ते जून ५७. मूळ पगारातले १०,३१० डॉलर याच प्रमाणात ४,३१३ आणि ५,९९७ असे फुटतात. भत्ता फेब्रुवारी-मार्चचा ८,०००, नंतरचा ११,६००. बोनस एप्रिलमध्ये मिळाला म्हणून त्याचे ५९४ दुसऱ्या वर्षात. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये १२,३१३ डॉलर आणि २०२५-२६ मध्ये १८,१९१. कराची फोड १,३८१ आणि २,०४१ डॉलर.

भारतात त्याच उत्पन्नावर जेवढा कर बसतो त्याहून जास्त क्रेडिट मिळत नाही. सचिनचा इथला सरासरी दर २० टक्क्यांच्या आसपास आहे आणि अमेरिकेचा ११ च्या जरा वर, म्हणून त्याला ही मर्यादा आडवी येत नाही. पगारातून कापलेले सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के मात्र क्रेडिटमध्ये धरायचे नाहीत. करारात ते वगळले आहेत, आणि भारत-अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करारही नाही. दुखतं, पण ते पैसे सोडा.

क्रेडिटसाठी आधी पोर्टलवर फॉर्म ६७ भरायचा, मग आयटीआर-२ मध्ये परदेशी उत्पन्नाचं एफएसआय आणि तिथल्या कराचं टीआर ही परिशिष्टं. तिकडचं बँक खातं परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवायचं, शिल्लक दहा डॉलर असली तरी.

वेळेची अडचण पहिल्या वर्षात येते. २०२४-२५ चं रिटर्न सप्टेंबर २०२५ पर्यंत भरायचं होतं, आणि अमेरिकेचा पक्का कर कळतो पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, डब्ल्यू-२ आल्यावर. रिटर्नच्या वेळी हातात असतात फक्त फेब्रुवारी-मार्चच्या पे-स्लिपा. तिथला कापलेला कर जसाच्या तसा क्रेडिट म्हणून टाकू नका, कारण कापलेला बहुधा देय करापेक्षा जास्त असतो आणि फरकाचा परतावा अमेरिकेकडून मिळणार असतो. मी जूनअखेरच वर्षाचा अंदाजे हिशेब मांडतो आणि कापलेला व अंदाजित यांतला कमी आकडा घेतो. जास्त घेतलेलं क्रेडिट नंतर अद्ययावत रिटर्न भरून व्याज आणि अतिरिक्त करासह परत करता येतं, पण कमी घेतलेलं त्या मार्गाने वाढवून मिळत नाही. त्यामुळे अंदाज नीट करा, भीतीपोटी निम्मा टाकू नका. फॉर्म ६७ ची मुदत करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत, म्हणजे पहिल्या वर्षासाठी ३१ मार्च २०२६ आणि दुसऱ्यासाठी ३१ मार्च २०२७. ही दोन्ही वर्षं १९६१ च्याच आयकर कायद्याखाली येतात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला नवा कायदा आहे.

हे गणित कुठे लागू पडत नाही

कायमचे निघून गेलात आणि त्या आर्थिक वर्षात भारताचे अनिवासी ठरलात, तर भारताला फक्त इथे केलेल्या कामाच्या पगारावर कर मिळायला हवा. पण परदेशातल्या कामाचा पगार थेट पुण्यातल्या बचत खात्यात पडत राहिला, तर 'भारतात मिळालेलं उत्पन्न' म्हणून आयकर कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तो पकडला जाऊ शकतो, आणि मग कराराचा आधार घेत, तिकडचं निवासाचं प्रमाणपत्र दाखवत भांडावं लागतं. जाणाऱ्यांनी आधी पगाराचं खातं बदलावं.

आणि सचिनसारख्यांनी पुढची फेरी ठरवताना वही बंद करू नये. २०२५ चे १४० दिवस २०२६ च्या बेरजेत तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे ४६.६७ धरून येतात. त्यामुळे २०२६ मध्ये १३६ दिवसांपर्यंत तो अनिवासीच राहतो. १३७ वा दिवस तिथे उजाडला की बेरीज १८३ च्या पुढे जाते आणि अमेरिका त्याच्या पुण्यातल्या एफडीच्या व्याजाबद्दलही विचारू लागते.